मॅक्सवेल ब्रिजवरचा सरकता समतोल: आवाज कमी होतो, पण संपत का नाही?

प्रश्न: व्हीटस्टन ब्रिजची अट मला समजते, पण एसी ब्रिजवर गाडी अडते. मॅक्सवेल ब्रिजवर एक कॉइल मोजतो आहे. वारंवारता १ किलोहर्ट्झ, कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरड आणि R3 = १००० ओहम हे दोन्ही पक्के, R2 आणि R4 बदलते. कॉइलचा रोध मल्टिमीटरवर २५० ओहम दिसतो. R4 फिरवून आवाज किमान केला की R2 ने तो आणखी कमी होतो, मग पुन्हा R4, पुन्हा R2. दर वेळी इंडक्टन्सचे उत्तर वेगळे येते आणि हेडफोन शांत होत नाही. ब्रिज बिघडला आहे का? आणि रोध, कपॅसिटन्स, इंडक्टन्स यांना वेगवेगळे ब्रिज का लागतात?

उत्तर: तुमचा ब्रिज बहुधा ठणठणीत आहे. तुम्ही ज्या दोन भुजा बदलता आहात, त्या निवडीमुळे समतोल सरकत राहतो. याला सरकता समतोल म्हणतात आणि कमी Q असलेल्या, म्हणजे रोधाच्या मानाने ωL लहान असलेल्या कॉइलवर तो हमखास भेटतो. त्याचे कारण समतोलाच्या अटीतच दडलेले असल्यामुळे आधी अटीकडे येतो.

चार कोपऱ्यांना अ, ब, क, ड म्हणू. पुरवठा अ आणि क यांच्यामध्ये, डिटेक्टर ब आणि ड यांच्यामध्ये. अब भुजेत Z1, बक भुजेत Z2, अड भुजेत Z3 आणि डक भुजेत Z4. ब बिंदूवर पुरवठ्याचा Z2/(Z1+Z2) इतका हिस्सा येतो, ड बिंदूवर Z4/(Z3+Z4) इतका. हे दोन हिस्से सारखे झाले की डिटेक्टरमधून काहीच वाहत नाही, आणि तिरका गुणाकार केला की उरते ते एवढेच:

Z1·Z4 = Z2·Z3

म्हणजे समोरासमोरच्या भुजांचे गुणाकार समान. पुरवठ्याचा व्होल्टेज या समीकरणातून निघून गेला आहे. बॅटरी थोडी उतरली किंवा डिटेक्टरची मोजपट्टी चुकीची असली, तरी उत्तर बदलत नाही; डिटेक्टरकडून फक्त शून्य ओळखण्याची अपेक्षा असते. या मांडणीचे वर्णन सॅम्युअल हंटर ख्रिस्टीने १८३३ मध्ये केले होते. व्हीटस्टनने ती १८४३ मध्ये पुढे आणली आणि नाव त्याचे लागले.

पुरवठा डीसी असेल तर चारही Z म्हणजे साधे रोध, आणि अट एकच: R1·R4 = R2·R3. अज्ञात राशी एक, समीकरण एक, त्यामुळे एक डायल पुरते. इथली खरी मर्यादा संवेदनशीलतेची असते. चारही भुजा १००० ओहमच्या आहेत, पुरवठा २ व्होल्टचा आहे आणि अज्ञात रोध ०.१ टक्क्याने चुकलेला आहे, असे धरा. मग ब आणि ड यांच्यात २ × ०.००१ ÷ ४, म्हणजे अर्धा मिलिव्होल्ट एवढाच फरक पडतो. गॅल्व्हानोमीटरच्या बाजूने पाहिले तर ब्रिजचा रोध १००० ओहम दिसतो, आणि गॅल्व्हानोमीटर स्वतः १००० ओहमचा असेल तर त्यातून पाव मायक्रोअँपिअर जातो. काट्याचा एक भाग म्हणजे एक मायक्रोअँपिअर असेल, तर ही चूक डोळ्यांना धड दिसणारही नाही. रोध एक ओहमच्या खाली गेला की जोडतारा आणि टर्मिनल यांचेच रोध उत्तरात मिसळतात आणि केल्विनच्या दुहेरी ब्रिजकडे वळावे लागते. तो विषय वेगळा आहे.

तुमची कॉइल याच डीसी ब्रिजवर लावून पाहा. बॅटरीची कळ आधी आणि गॅल्व्हानोमीटरची कळ नंतर दाबली, तर समतोल शांत दिसेल. क्रम उलटा केला, तर बॅटरी जोडताक्षणी काटा उसळून परत शून्यावर येईल. स्थिर प्रवाहाला समतोल मिळालेला आहे, पण बदलत्या प्रवाहाला तो मिळालेला नाही, हे त्या उसळीतून कळते. मॅक्सवेलने कपॅसिटरशी तुलना करून इंडक्टन्स मोजायची जी रीत मांडली, तिच्यात हीच उसळी शून्य करायची असते. माक्स वीन याने १८९१ मध्ये एसी पुरवठा आणि टेलिफोन वापरून ती रीत आजच्या रूपात आणली.

पुरवठा एसी झाला की Z संमिश्र संख्या होतात आणि त्याच एका ओळीतून दोन अटी निघतात. परिमाणांचे गुणाकार समान हवेत, आणि समोरासमोरच्या भुजांच्या फेज-कोनांच्या बेरजाही समान हव्यात. दोन अटी म्हणजे दोन डायल. एका डायलने कितीही कसरत केली, तरी आवाज फक्त किमान होतो, शून्य होत नाही.

इतके निरनिराळे ब्रिज का, याचे उत्तर कोनांची अट देते. शुद्ध रोधाचा कोन शून्य, कॉइलचा कोन धन, कपॅसिटरचा ऋण. Z1 मध्ये कपॅसिटर ठेवला आणि दोन भुजा रोधांच्या असतील, तर त्याचा ऋण कोन समीकरणाच्या पलीकडच्या बाजूच्या कोणीतरी भरून काढला पाहिजे, म्हणजे दुसरा कपॅसिटर शेजारच्या भुजेत (Z2 किंवा Z3 मध्ये) यायला हवा. Z1 मध्ये कॉइल असेल आणि प्रमाण म्हणून कपॅसिटरच वापरायचा असेल, तर धन आणि ऋण कोन एकाच बाजूला येऊन एकमेकांना खोडले पाहिजेत, म्हणून कपॅसिटर समोरच्या भुजेत, Z4 मध्ये. बहुतेक नावाजलेले ब्रिज या दोन घरांतच बसतात. कॉइलच्या समोर कॉइल ठेवून बाकी दोन रोध ठेवले, तर तो ब्रिज कधीच शून्यावर येणार नाही, हे जोडणी करण्याआधीच सांगता येते.

कपॅसिटन्सचे प्रकरण आधी उरकतो. अब भुजेत अज्ञात Cx, त्याचा ऱ्हास दाखवणारा रोध rx त्याच्याशी एकसरीत. बक भुजेत प्रमाण कपॅसिटर C2 आणि एकसरीत बदलता रोध R2. उरलेल्या दोन भुजांत R3 आणि R4. समीकरणाचे वास्तव आणि काल्पनिक भाग वेगळे केले की:

Cx = C2·R4/R3
rx = R2·R3/R4

वारंवारता दोन्हीतून गळाली आहे. यातला R2 काढून टाकला की साधा डी सॉटी ब्रिज उरतो आणि तो फक्त ऱ्हास नसलेल्या कपॅसिटरला चालतो. समजा अज्ञात कपॅसिटरचा ऱ्हासगुणांक D = ωCx·rx ०.०२ आहे, दोन्ही कपॅसिटर आणि दोन्ही रोध जवळजवळ सारखे आहेत आणि पुरवठा १ व्होल्टचा आहे. R2 नसेल तर डिटेक्टरवर ०.०२ ÷ ४ व्होल्ट, म्हणजे ५ मिलिव्होल्ट कायम उरतात. आता कपॅसिटन्समध्ये ०.२ टक्के चूक असली, तर तिचे अर्धा मिलिव्होल्ट त्या ५ मिलिव्होल्टला काटकोनात मिळतात आणि एकूण होतात सुमारे ५.०२५. हा फरक कानाला कळत नाही. ऱ्हासाचा समतोल केला नाही, तर फक्त ऱ्हासच नव्हे, कपॅसिटन्ससुद्धा नीट मोजता येत नाही, ते असे. उच्च दाबासाठी शेरिंगने १९२० मध्ये दिलेला ब्रिज हेच काम एकसर रोधाऐवजी समोरच्या भुजेतल्या रोधाला समांतर जोडलेल्या बदलत्या कपॅसिटरने करतो. त्यात जवळजवळ सगळा दाब कपॅसिटरांवर पडतो आणि फिरवायची डायल भूमीच्या विभवाजवळ राहतात.

आता तुमची कॉइल. Z1 = Rx + jωLx, समोर R4 आणि C4 समांतर, Z2 आणि Z3 शुद्ध रोध. समांतर जोडणीचा व्यस्त घेणे सोपे असते, म्हणून Z1 = Z2·Z3/Z4 असे लिहा:

Rx + jωLx = R2·R3·(1/R4 + jωC4)

यातून Lx = R2·R3·C4 आणि Rx = R2·R3/R4. इथेही वारंवारता नाही, आणि कॉइलचा Q = ωC4·R4.

या दोन सूत्रांत R2 दोन्हीकडे आहे. C4 फक्त पहिल्यात, R4 फक्त दुसऱ्यात. बदलायला C4 आणि R4 घेतले असते, तर दोन्ही डायल स्वतंत्र राहिली असती. तुम्ही C4 पक्का ठेवला आहे. बारीक पायऱ्यांचा चांगला कपॅसिटर-बॉक्स महाग असतो, म्हणून बरेच जण तसेच करतात. मग इंडक्टन्स जुळवायचे काम R2 वर येते, आणि R2 हलला की जुळलेला रोधही बिघडतो.

किती बिघडतो, ते आकड्यांतून पाहू. १ किलोहर्ट्झला ω = ६२८३. समजा तुमच्या कॉइलचे खरे इंडक्टन्स २० मिलिहेन्री आहे. मग ωLx = १२५.७ ओहम आणि Q फक्त ०.५. खरा समतोल R2 = २०० आणि R4 = ८०० ओहमला आहे. तुम्ही R2 = ३०० पासून सुरुवात केलीत असे धरू. R4 फिरवल्यावर आवाज १२०० ओहमला किमान होतो, कारण तिथे R2·R3/R4 = २५० होते. आता R4 तसाच ठेवून R2 फिरवा. डिटेक्टरचा व्होल्टेज दोन बाजूंच्या फरकाच्या परिमाणाप्रमाणे बदलतो असे धरले (छेदातला थोडा बदल सोडून देऊ), तर किमान आवाज २०० ला येत नाही, सुमारे २६४ ला येतो. मग R4 चा किमान बिंदू १०५५ ला, R2 चा २४४ ला, पुन्हा R4 चा ९७७ ला, R2 चा २३२ ला. दर फेरीत इंडक्टन्सचे उत्तर ३०, २६.४, २४.४, २३.२ मिलिहेन्री असे खाली येते. तुम्हाला दिसलेले बदलते उत्तर हेच असणार. प्रत्येक उत्तर घेताना डायल अगदी बरोबर किमान बिंदूवर होते, तरीही ही चारही उत्तरे सपशेल चुकीची आहेत.

कारण कागदावर काढून पाहता येते. आडव्या अक्षावर रोध, उभ्या अक्षावर ωL घ्या. कॉइल म्हणजे (२५०, १२५.७) हा बिंदू. ब्रिजची दुसरी बाजूही एक बिंदू आहे आणि तो कॉइलच्या बिंदूवर नेऊन ठेवायचा आहे. R4 फिरवला की तो आडवा सरकतो. R2 फिरवला की मूळबिंदूतून जाणाऱ्या रेषेवर सरकतो. किमान आवाज म्हणजे त्या रेषेवर कॉइलच्या बिंदूला सर्वांत जवळची जागा. दोन सरकण्याच्या दिशांमध्ये जो कोन आहे, त्याच्या कोसाइनइतकी चूक दर पायरीला शिल्लक राहते, आणि समतोलाजवळ त्या कोनाचे टँजंट म्हणजे नेमका Q. Q = ०.५ ला कोन २७ अंशांच्या आसपास आणि कोसाइन ०.८९. एका पायरीत चूक ११ टक्केच घटते. ती दहाव्या हिश्श्यावर आणायला वीस पायऱ्या लागतात, हजाराव्या हिश्श्यावर आणायला साठ. तुलनेला Q = ३ असलेली कॉइल घ्या. तिथे कोन ७२ अंशांचा, दर पायरीला ३२ टक्केच शिल्लक, आणि चार-पाच पायऱ्यांत काम होते. म्हणून हाच ब्रिज एका कॉइलवर निमूट वागतो आणि दुसरीवर छळतो.

तुमच्याकडे जे साहित्य आहे त्यातच यावर चांगला तोडगा आहे. R4 ने पहिला किमान बिंदू गाठला की रोधाचा समतोल मिळालेला असतो, आणि तो R2/R4 या गुणोत्तरावर अवलंबून आहे. यापुढे R2 एकटा हलवू नका. R2 आणि R4 दोन्ही एकाच प्रमाणात हलवा. ३०० आणि १२०० वरून २७० आणि १०८०, मग २४० आणि ९६०, मग २१० आणि ८४०. गुणोत्तर पाव राहते, वास्तव भाग २५० वर खिळलेला राहतो आणि बिंदू सरळ खाली उतरतो. २०० आणि ८०० च्या आसपास आवाज झपाट्याने पडेल; मग R4 ला थोडा हात लावायचा आणि पुन्हा जोडीने बारीक सरकायचे. कॉइलमध्ये लोखंडी गाभा नसेल, तर हे गुणोत्तर डीसीवरच मिळवून ठेवता येते, कारण डीसीला C4 म्हणजे तुटलेला मार्ग आणि अट उरते Rx·R4 = R2·R3.

दुसरा मार्ग वारंवारता वाढवण्याचा. समतोलाच्या अटीत वारंवारता नाही, पण समतोलाकडे जाण्याच्या वेगात आहे, ही गोष्ट शिकवताना सहसा राहून जाते. ५ किलोहर्ट्झला रोध तेवढाच राहिला तर Q २.५ होतो आणि दहापट चूक कमी व्हायला दोन-तीन पायऱ्या पुरतात. मात्र वर किती जायचे याला मर्यादा आहे. कॉइलच्या वेढ्यांमध्ये स्वतःचा कपॅसिटन्स असतो आणि त्यामुळे इंडक्टन्स खऱ्यापेक्षा जास्त दिसते. २० मिलिहेन्रीच्या कॉइलला २०० पिकोफॅरड असा कपॅसिटन्स असेल, तर १ किलोहर्ट्झला वाढ ०.०२ टक्क्याच्याही आत राहते, पण १० किलोहर्ट्झला ती १.६ टक्के होते. ही वाढ वारंवारतेच्या वर्गाप्रमाणे जाते.

सरकता समतोल आणि खरा बिघाड यांतला फरक कानाने ओळखता येतो. सरकता समतोल असेल तर दर फेरीत किमान आवाज आधीपेक्षा कमी होतो आणि उत्तरे एकाच दिशेने सरकतात. बिघाड असेल तर डायल एका जागी स्थिरावतात, पण आवाज राहतो. अशा वेळी त्या आवाजाचा सूर ऐका. वीजपुरवठ्याची खालच्या सुरातली घरघर असेल, तर ती बाहेरून शिरते आहे. मूळ सुराच्या वरचा बारीक सूर असेल, तर लोखंडी गाभा हार्मोनिक तयार करतो आहे. पुरवठा कमी करून पाहा, तो सूर मूळ सुरापेक्षा जास्त वेगाने पडेल. मूळच सूर उरला असेल आणि हेडफोनला हात लावल्यावर तो बदलत असेल, तर ब आणि ड बिंदूंचा भूमीशी असलेला भटका कपॅसिटन्स त्रास देतो आहे. त्यावर वॅग्नर अर्थची जोडणी वापरतात: दोन जादा भुजांनी डिटेक्टरची दोन्ही टोके भूमीच्या विभवावर आणली जातात, म्हणजे तिथल्या भटक्या कपॅसिटन्समधून प्रवाह जात नाही.

उलट टोकाला, Q फार जास्त असलेल्या कॉइलवर मॅक्सवेल ब्रिज वेगळ्या कारणाने अडतो. R4 = Q/(ωC4) असल्यामुळे Q = १०० ला, याच कपॅसिटरने, R4 जवळजवळ १५९ किलोओहम लागतो. नेहमीच्या डिकेड बॉक्समध्ये एवढा रोध नसतो, आणि असला तरी कपॅसिटरची गळती त्याच्याशी स्पर्धा करू लागते. तिथे R4 समांतर न ठेवता C4 शी एकसरीत ठेवतात. हा ‘हे’ नावाचा ब्रिज. मग Q = 1/(ωC4·R4), म्हणजे Q = १०० ला R4 फक्त १५.९ ओहम. पण एकसर जोडणीचा व्यस्त घेतला की छेदात वारंवारता येते:

Lx = R2·R3·C4/(1 + 1/Q²)

Q दहाच्या वर असेल तर ही दुरुस्ती एक टक्क्याच्या आत असते आणि बहुतेक कामांत सोडून देता येते. Q ०.५ असलेल्या तुमच्या कॉइलवर मात्र छेद पाच होतो, म्हणून ती ‘हे’ ब्रिजवर नेऊ नका. शिवाय या ब्रिजमध्ये हार्मोनिकांचा समतोल मूळ सुराबरोबर होत नाही, त्यामुळे मूळ सूर नाहीसा झाल्यावरही वरचे सूर ऐकू येतात आणि नवख्या माणसाला ब्रिज शांत झालाच नाही असे वाटते. पुरवठ्याची लहर शुद्ध नसेल तर डिटेक्टरच्या आधी १ किलोहर्ट्झचा गाळक लावा आणि मगच डायलवरचे आकडे टिपा.